मारणे आणि मरू देणे
हात न लावणारा नेहमीच निर्दोष असतो का?



आजाऱ्याला भेटण्यासाठी अमरावतीच्या दवाखान्यात गेलो, की अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. घरातला मोठा मुलगा बाजूला घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, "फादर, डॉक्टर म्हणतात आता काही उपयोग नाही. मशीन काढली त आमच्या हातून पाप होईन का?" कधी हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. "आम्ही तर काहीच केलं नाही, फादर. आजीला फक्त नळी लावू दिली नाही. बाकी देवाची मर्जी."

पहिल्या माणसाला वाटते, की आपण हात लावला म्हणजे आपण मारले. दुसऱ्याला वाटते, की आपण हात लावला नाही म्हणजे आपण सुटलो. दोघेही एकाच मोजपट्टीने मोजत आहेत आणि ती मोजपट्टीच चुकीची आहे. मारणे आणि मरू देणे यांत फरक नक्की आहे, पण तो हात हलला की नाही यावरून ठरत नाही. मग तो कशावरून ठरतो, हे आजच्या पाठात आपण पाहू या.

१. काहीच न करणे हेही पाप असू शकते

मिस्साबलीच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो तेव्हा विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर जे करायला हवे होते ते न केल्याचे पापही कबूल करतो. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत मनुष्य आठवा (अध्याय १६). त्याने लाजराला मारले नाही, हाकलले नाही, शिवीही दिली नाही. लाजर दारात पडून होता आणि हा रोज जेवत होता, एवढेच. तरी प्रभू येशूने सांगितलेल्या गोष्टीत तो दोषी ठरतो. कारण लाजर त्याच्याच दारात होता, त्याला तो दिसत होता आणि त्याच्या घरात अन्न होते.

म्हणजे न करणे हा दोष असू शकतो. पण प्रत्येक न करणे दोष असते का? या घटकेला जगात कुठे ना कुठे कोणीतरी उपाशी मरत आहे आणि आपण हे पान वाचत बसलो आहोत. आपण सगळे खुनी आहोत का? तसे म्हटले तर "खून" या शब्दाला काही अर्थच उरणार नाही.

ही अडचण आपल्या देशाचा फौजदारी कायदा लिहिणाऱ्यांनाही आली होती. १८३७ साली मेकॉले यांच्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा तयार केला. त्याला जोडलेल्या टिपणात याच विषयाची चर्चा आहे आणि तिथे नदीच्या पुराचे एक उदाहरण दिले आहे. वलगावच्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. आपली पेढी नदीच डोळ्यांपुढे आणा. नदीला पूर आला आहे. एक वाटसरू पाण्यात उतरायला निघाला आहे. काठावर एक जण उभा आहे. पाणी किती खोल आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो मुद्दाम गप्प राहतो. वाटसरू बुडून मरतो. गप्प राहणाऱ्याने खून केला का?

मसुदा लिहिणारे म्हणतात, की तो माणूस कोण आहे यावर हे अवलंबून आहे. वाटसरूंना सावध करण्यासाठीच सरकारने त्याला काठावर नेमले असेल, तर तो खून आहे. नदी पार करून देण्याचा करार केलेला तो वाटाड्या असेल, तरीही खूनच. पण केवळ माणुसकीशिवाय दुसरे कोणतेही नाते नसलेला तो परका असेल, तर कायदा त्याला खुनी म्हणणार नाही. त्याच टिपणात एका शल्यवैद्याचेही उदाहरण आहे. कलकत्त्याच्या वैद्याने मेरठला जाऊन शस्त्रक्रिया करायला नकार दिला. ती करू शकणारा तो देशातला एकटाच आहे आणि ती झाली नाही तर रोगी मरणार हे नक्की आहे. तरीही त्याला खुनी ठरवणे योग्य होणार नाही, असे ते म्हणतात.

पुढे १८६० च्या संहितेत हेच तत्त्व आले. कायद्याने बांधलेले कर्तव्य न करणे हे कृत्य करण्याइतकेच धरले जाते. त्या संहितेतले एक उदाहरण तर असे आहे, की एखाद्याने दुसऱ्याला थोडे उपाशी ठेवून आणि थोडे मारहाण करून, असे मिळून ठार केले, तर तो खूनच. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हा विचार तिच्यातही कायम आहे.

अर्थात कायदा जिथे थांबतो तिथे ख्रिस्ती विवेक थांबत नाही. काठावर गप्प राहिलेल्या त्या परक्याला न्यायालय सोडून देईल, पण चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगणारा प्रभू त्याला विचारल्याशिवाय राहणार नाही. तरीसुद्धा आपल्या हाती पहिला प्रश्न आला. हे करणे माझे कर्तव्य होते का, आणि ते मला शक्य होते का?

२. विहिरीवरचे दोन काका

दुसरा प्रश्न हेतूचा आहे. जेम्स रेचेल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वचिंतकाने १९७५ साली एक छोटा लेख लिहिला. तो आजही वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. मारणे आणि मरू देणे यांत नैतिक फरक काहीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याने दिलेला दाखला आपण आपल्या मळ्यात आणून पाहू.

एका पोरक्या पुतण्याच्या नावे दहा एकर ओलिताची जमीन आहे. तो मेला तर जमीन काकाला मिळणार. पहिला काका त्याला विहिरीत ढकलतो. दुसऱ्या गावातला दुसरा काका त्याच इराद्याने विहिरीवर येतो, पण त्याने हात लावण्याआधीच मुलाचा पाय घसरतो. दोर शेजारीच पडला आहे. काका तो उचलत नाही. पाणी शांत होईपर्यंत उभा राहतो आणि घरी जातो. रेचेल्स विचारतो, दुसरा काका पहिल्यापेक्षा चांगला आहे का?

आपण सगळे म्हणू, नाही. इथे रेचेल्सचे बरोबर आहे. पण त्यावरून मारणे आणि मरू देणे हे नेहमीच सारखे, असे सिद्ध होत नाही. दोन्ही काकांचा हेतू एकच होता, पोर मरावे. दोघांचे कर्तव्य एकच होते, कारण ते पोर त्यांच्या पदरात होते. आणि दुसऱ्याला दोर टाकणे सहज शक्य होते. हेतू, कर्तव्य आणि शक्यता या तिन्ही गोष्टी सारख्या ठेवल्यावर दोष सारखा निघाला, यात नवल नाही. आता एक तिसरा काका घ्या. तो दोर टाकतो, स्वतः खाली उतरतो, दम संपेपर्यंत धडपडतो आणि शेवटी हात सुटतो. त्यानेही पुतण्याला "मरू दिले". त्याला कोणी खुनी म्हणेल का?

३. अरुणा शानबाग यांचा खटला

आता आपल्या महाराष्ट्रातली खरी घटना पाहू. अरुणा शानबाग या मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. जीव वाचला, पण दृष्टी, वाचा आणि भान गेले. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात एका खाटेवर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नव्या येणाऱ्या मुली आपल्या या सहकारिणीला भरवत, पुसत, कुशीवर वळवत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला खाटेचे व्रण पडले नाहीत. अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी घरी सांभाळले आहे, त्यांना याचा अर्थ कळेल.

पत्रकार व लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचा हेतू दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. अरुणाबाईंचे दुःख जगापुढे आणणाऱ्या त्याच होत्या. पण अर्जातली मागणी नीट वाचली पाहिजे. अरुणाबाईंना कृत्रिम श्वासाचे यंत्र लावलेले नव्हते. त्यांचा श्वास त्यांचाच होता. त्यांना भरवणे थांबवावे आणि शांतपणे मरू द्यावे, अशी ती मागणी होती.

न्यायालयाने तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवले: टाटा रुग्णालयाचे डॉ. दिवटिया, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. गुरसहानी आणि शीवच्या रुग्णालयाचे डॉ. नीलेश शहा. अरुणाबाई बहुतांशी निर्भान अवस्थेत आहेत, असा त्यांचा अहवाल होता. पूर्वी त्या बारीक केलेले अन्न तोंडाने घेत. २०१० च्या सप्टेंबरमध्ये मलेरिया झाल्यानंतर तोंडाने घेणे कमी झाले आणि नाकातून नळी घालावी लागली. रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी आणि परिचारिकांनी मात्र अर्जाला ठाम विरोध केला.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातल्या माणसांना आहे, असे त्यांनी सांगितले. पण त्याच निकालाने देशासाठी एक नवी रेघही ओढली. विषारी इंजेक्शन देऊन मारणे बेकायदेशीरच राहील. जगवणारे उपचार थांबवणे मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने काही परिस्थितीत चालेल. पहिल्याला सक्रिय आणि दुसऱ्याला निष्क्रिय दयामरण असे नाव मिळाले.

ही रेघ समजावून सांगताना निकालात एका जळत्या घराचा दाखला दिला आहे. आगीत शिरून कोणाला बाहेर काढणारा वीर ठरतो. पण जो भीतीने किंवा आपल्याला जमणार नाही असे वाटून बाहेर उभा राहतो, त्याला फारसे कोणी दोष देत नाही, आणि खुनाचा खटला तर मुळीच भरत नाही. उपचार थांबवणारा डॉक्टर मारत नाही, तो फक्त वाचवत नाही, असा त्याचा आशय आहे.

न्यायमूर्तींबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्हाला वाटते, की हा दाखला इथे अपुरा पडतो. डॉक्टर, परिचारिका किंवा मुलगा हे रस्त्यावरचे बघे नाहीत. ते अग्निशामक दलाचे जवान आहेत. पाण्याचा पाइप हातात असलेला जवान नुसता बघत उभा राहिला, तर आपण त्याला "त्याने काही केले नाही" म्हणून सोडत नाही. पुराच्या काठावर नेमलेल्या त्या माणसासारखाच तो आहे. पण हाच जवान छत कोसळल्यावर, आत जाणे व्यर्थ ठरल्यावर मागे फिरला, तर कोणी बोट दाखवणार नाही. म्हणून "केले" की "केले नाही" एवढे विचारून भागत नाही.

आता आपले प्रश्न अरुणाबाईंच्या खाटेपाशी लावून पाहा. भरवणे हे भरवणाऱ्यांचे कर्तव्य होते का? होय. ते शक्य होते का? होय, त्या रोज ते करत होत्या. अन्न अंगी लागत होते का? होय. मग ते थांबवल्यावर मृत्यू कशाने आला असता? जुन्या जखमेने नव्हे. भुकेने आणि तहानेने. आणि थांबवण्याचा उद्देश काय असता? मृत्यू यावा हाच. इथे कोणाचाही हात हलला नसता, तरी ते मारणेच झाले असते. परिचारिकांनी तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचली नव्हती, पण आपल्याकडे काय मागितले जात आहे हे त्यांना नेमके कळले.

१८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने अरुणा शानबाग यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत त्यांना अतिदक्षता विभागात ठेवून उपचार केले होते. त्यांना कोणी मारले नाही. सगळे केल्यानंतर त्या गेल्या.

४. यंत्र काढले, तरी मुलगी जगली

उलट बाजूचा दाखला अमेरिकेतल्या एका कॅथलिक घरातला आहे. कॅरन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी १९७५ साली बेशुद्ध झाली आणि पुन्हा भानावर आली नाही. तिला श्वासाचे यंत्र लावले होते. आपल्या धर्मगुरूंशी बोलून आईवडिलांनी ते यंत्र काढण्याची मागणी केली. डॉक्टरांनी नकार दिला. प्रकरण न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ मार्च १९७६ रोजी वडिलांच्या बाजूने निकाल लागला. यंत्र हळूहळू काढले गेले. सगळ्यांना वाटले होते, ती आता जाईल. पण कॅरन स्वतः श्वास घेऊ लागली. ती आणखी नऊ वर्षे जगली आणि जून १९८५ मध्ये वारली.

या काळात वडिलांनी काय केले? अन्नाची नळी काढा, असे ते कधी म्हणाले नाहीत. त्यांना मुलीचे मरण नको होते. तिच्यावर लादलेले एक यंत्र नको होते. यंत्र गेल्यावर ती जगली, तर त्यांचा बेत फसला नाही. ते तिला भेटायला जात राहिले.

हेतू ओळखण्याची यापेक्षा चांगली कसोटी आम्हाला ठाऊक नाही. स्वतःला विचारावे, "यंत्र काढल्यावर बाबा श्वास घेतच राहिले, तर मला काय वाटेल?" बरे वाटेल, निदान "देवाची इच्छा" म्हणून आपण त्यांचे तोंड पुसायला बसू, असे उत्तर आले, तर आपण मरण घडवत नव्हतो. पण "अरे, मग आता पुढे काय करायचे?" असा विचार आला, तर आपण यंत्र नव्हे, माणूस दूर करायला निघालो होतो.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते

या विषयावरची ख्रिस्तसभेची शिकवण जुनी आहे. १९५७ साली पोप पायस बारावे यांना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी श्वासाच्या यंत्राविषयीच विचारले होते. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते, की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करण्याचे आपल्यावर बंधन आहे. असाधारण उपाय, म्हणजे रोग्यावर किंवा घरच्यांवर फार मोठा भार टाकणारे उपाय, करण्याचे बंधन नाही.

१९८० साली विश्वासविषयक मंडळाने दयामरणावर घोषणापत्र काढले. त्यात दयामरणाची व्याख्या करताना कृती आणि कृती टाळणे हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. दुःख संपवण्यासाठी मृत्यू घडवणारी कृती असो किंवा मृत्यू घडवण्यासाठी टाळलेली कृती असो, दोन्ही दयामरणच. म्हणजे "सक्रिय" आणि "निष्क्रिय" ही कायद्याची विभागणी ख्रिस्तसभेची विभागणी नाही. ख्रिस्तसभा विचारते, मृत्यू हवा होता का? आणि जो उपाय सोडला तो रोग्याच्या स्थितीला योग्य प्रमाणात होता का?

अन्नपाण्याविषयी मात्र एक खुलासा लागतो. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये सांगितले, की निर्भान रोग्याला नळीने दिलेले अन्न आणि पाणी हा तत्त्वतः उपचार नसून साधी सेवा आहे आणि ती द्यायलाच हवी. जोपर्यंत अन्न शरीराला पोसते आणि आराम देते, तोपर्यंत हे बंधन आहे. अगदी शेवटच्या दिवसांत पोट अन्न घेईनासे झाले, फुप्फुसात पाणी साचू लागले, तर नळीने भरवत राहणे ही सेवा उरत नाही. तेव्हा ओठ ओले ठेवणे हीच सेवा. वेदनेवर दिलेल्या मॉर्फिनविषयीही हेच. वेदना शमवण्यापुरते औषध दिले आणि त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी ते मारणे नाही.

६. एका घराची गोष्ट लावून पाहू

असे समजू, की एका घरातले आजोबा ७८ वर्षांचे आहेत. अनेक वर्षांचा दमा, त्यात मूत्रपिंडे निकामी. न्युमोनिया होऊन ते यंत्रावर गेले. दहा दिवस झाले. रक्तदाब औषधावर टिकून आहे, लघवी बंद आहे, शुद्ध नाही. छाती आणि मूत्रपिंडांचे तज्ज्ञ सांगतात, की यंत्र आता मरण फक्त लांबवत आहे. अशा वेळी ते यंत्र काढण्यास होकार देणे हे मारणे नाही, जरी बटण कोणीतरी हाताने बंद करणार असले, तरी. आजोबा रोगाने जातील. छत कोसळले आहे आणि जवान मागे फिरत आहे.

आता त्याच आजोबांची दुसरी स्थिती घ्या. न्युमोनिया आहे, पण मूत्रपिंडे ठीक आहेत. चार-पाच दिवस यंत्र आणि प्रतिजैविके दिली, तर घरी परततील, असे डॉक्टरांना वाटते. पण मुले म्हणतात, "म्हातारपण आहे, कशाला त्रास?" आणि घरी नेतात. यंत्र तेच, रोगी तेच आणि कृतीही तीच. पण इथे योग्य आणि शक्य असा उपाय मरण यावे म्हणून नाकारला गेला. इथे "आम्ही काहीच केले नाही" हे उत्तर चालणार नाही.

खर्चाचे काय? आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या धर्मग्रामातली कितीतरी घरे हंगामावर जगतात. शेत विकून, मुलांची शाळा सोडून अशक्यप्राय आशेच्या मागे जावे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. भार हा विचारात घ्यायचाच असतो. पैसा संपला म्हणून मोठ्या खासगी दवाखान्यातून सरकारी दवाखान्यात हलवणे हे पाप नाही. पाप तेव्हा होते, जेव्हा पैसा असतो, आशा असते आणि आपण "त्यांना त्रास नको" या शब्दांमागे स्वतःची सोय लपवतो. ओळखायचे कसे? तोच उपाय घरातल्या कमावत्या मुलाला लागला असता, तर आपण तो केला असता का, असे विचारावे.

कायद्याची वाटही माहीत असावी. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी उपचार थांबवण्याची रीत ठरवून दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. उपचार करणारा डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ असे तिघांचे पहिले मंडळ मत देते. मग दुसरे तिघांचे मंडळ ते तपासते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. घरच्यांची संमती लागते आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शुद्धीवर असतानाच आपली इच्छा लिहून ठेवायची असेल, तर दोन साक्षीदारांपुढे सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. कॅथलिक माणूस असे पत्र लिहू शकतो. फक्त त्यात "मला मारा" किंवा "मला अन्नपाणी देऊ नका" असे लिहू नये. "प्रमाणाबाहेरचे उपचार नकोत, वेदना शमवा, सेवा करा, धर्मगुरूंना बोलवा" असे लिहावे.

आणि शेवटचे. उपचार थांबले, म्हणजे सेवा थांबली असे नाही. घरी आणलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, तोंड ओल्या कापसाने पुसावे लागते, अंथरूण कोरडे ठेवावे लागते, वेदनेचे औषध वेळेवर द्यावे लागते. मरू देणे आणि टाकून देणे यांतला फरक या कामांत दिसतो. केईएमच्या परिचारिकांनी हीच कामे ४२ वर्षे केली.

असा प्रसंग घरात आला, तर रुग्णाभ्यंगासाठी आम्हाला शेवटच्या तासाला नव्हे, आधीच बोलवा. निर्णय डॉक्टरांनी आणि तुम्ही घ्यायचा आहे, पण त्या बाकावर आपण सोबत बसू.

कुटुंबात बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आपण त्यांनाच कधी विचारले आहे का?
२. "मी काही केले नाही" असे म्हणून आपण मनातून सुटलो, असा एखादा प्रसंग आठवतो का? तिथे आपण काठावरचे परके होतो, की नेमलेले वाटाडे?
३. आपल्या वस्तीत आज कोण अंथरुणाला खिळले आहे आणि त्यांना भरवणाऱ्याला एक दिवस विसावा कोण देईल?